घरोघरी जाऊन पार्लरचं काम: सुरुवात आयब्रोपासून

नव्याने काम सुरू करणाऱ्या बऱ्याच जणी आधी फेशियलचे महागडे किट घेतात. आमच्या मते पहिली गुंतवणूक आयब्रोत हात बसवण्यात करावी. फेशियल लोक कधीतरी करतात आणि ब्रायडल मेकअप त्याहून क्वचित. आयब्रोचे केस मात्र तीन-चार आठवड्यांत पुन्हा दिसू लागतात, त्यामुळे नियमित ग्राहक इथूनच मिळतात.

पिशवीत थ्रेडिंगच्या दोऱ्याचं रीळ, छोटी टोकदार कात्री, प्लकर, आयब्रो ब्रश, पावडर, कापूस, स्पिरिट, कोरफडीचं जेल, हेअरबँड आणि चार्जिंगचा छोटा दिवा ठेवा. घरातला उजेड बहुधा डोक्यावरून येतो आणि भुवईखाली सावली पडते. मग बारीक केस सुटतात, म्हणून दिवा समोरून लावायचा.

प्रत्येकीसाठी नवा दोरा घ्या. तो दातात न धरता मानेभोवती अडकवायला शिका. भुवई कोरडी करून थोडी पावडर लावा, कारण तेलकट त्वचेवर दोरा घसरतो. ग्राहकाने एका हाताने भुवईच्या वरची त्वचा आणि दुसऱ्या हाताने पापणी ताणून धरायची. हा ताण सुटला की त्वचा दोऱ्याच्या पिळात सापडते आणि कापते. बारीक लाल रेघ उमटली किंवा जास्त चुरचुरलं, तर थांबून पुन्हा ताण द्यायला सांगा. केस उगवतो त्याच्या उलट दिशेने ओढायचा. दोनच दिवसांत बोटाला खुंट लागले, तर केस मुळापासून न निघता मध्येच तुटलेत असं समजा. बहुतेक वेळा हात घाईत चाललेला असतो किंवा दोऱ्याचा पीळ सैल असतो.

आकार ठरवताना ब्रशची दांडी नाकपुडीच्या कडेला टेकवा. ती डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरून सरळ वर धरली की भुवईची सुरुवात कळते, बाहेरच्या कोपऱ्याकडे तिरकी धरली की शेवट.

समजा, एकीची डावी भुवई आधी जास्त काढल्यामुळे बारीक झाली आहे. जाड भुवई कोरून दोन्ही सारख्या करायचा मोह इथे आवरायला हवा, नाहीतर दोन्ही बिघडतात. बारीक भुवईच्या रेषेतले उगवणारे केस तसेच ठेवा, रेषेपासून दूरचे तेवढे काढा. उजवीची फक्त खालची कड साफ करा. आकार दोन-तीन वेळांत जुळत येईल, हे तिला आरशात दाखवून आधीच सांगा. बरीच वर्षं जास्त काढलेल्या भुवईत काही ठिकाणी केस परत येतच नाहीत, तिथे पेन्सिलच वापरावी लागते, हेही लपवू नका.

वहीत तारीख, कोणत्या बाजूचे केस ठेवले आणि त्वचा किती लाल झाली हे लिहा. विसाव्या दिवसाच्या आसपास "डाव्या बाजूचे केस आलेत का?" असा मेसेज करा. तिची भुवई तुमच्या लक्षात आहे हे कळलं की ती दुसरीकडे सहसा जात नाही.

रेटिनॉलची क्रीम किंवा मुरमांवर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, तर थ्रेडिंग टाळा, त्वचा सोलली जाऊ शकते. थ्रेडिंग केलेल्या जागी त्याच दिवशी ब्लीच किंवा स्क्रब नको. नवरीच्या आयब्रो मेकअपच्या दोन-तीन दिवस आधीच करा, कारण ताज्या लालसर पुटकुळ्यांवर फाउंडेशन नीट बसत नाही.