दिवा लागतो, पण चार्ज होत नाही: दुकानात जाण्याआधीची तयारी

चार्जरच्या ठोकळ्यावरचा दिवा फक्त एवढंच सांगतो की अडॅप्टर चालू आहे. ती वीज पिनपर्यंत पोचते का, लॅपटॉपला ती मान्य आहे का, हे त्याला कुठून कळणार? म्हणून दुकानात जाण्याआधी पाऊण तास काढा. आधी सेटिंगमध्ये चार्ज ६० किंवा ८० टक्क्यांवर रोखून धरलाय का ते बघा. तसं असेल तर बिघाडच नाही.

मग शेजारीपाजारी त्याच कंपनीचा, त्याच पिनचा आणि तितक्याच वॅटचा चार्जर मिळतो का ते पाहा. सगळा निवाडा त्याच्यावरच होतो. व्होल्टचा आकडाही स्टिकरवर जुळवून घ्या.

बहिणीच्या लॅपटॉपचंच सांगतो. अडॅप्टर १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर, म्हणजे ६५ वॅटचा. मीटर लावला तर १९.५ व्होल्ट बरोबर येत होते. लॅपटॉप चालत होता, पण रडतखडत, आणि स्क्रीनवर Plugged in, not charging. दुकानदाराने फोनवरच नवीन बॅटरी सांगितली होती. पण काही कंपन्यांच्या गोल पिनच्या मधोमध एक बारीक सुई असते. तिच्यातून लॅपटॉप चालवणारी वीज जात नाही, अडॅप्टरची ओळख जाते. ओळख पटली नाही की लॅपटॉप चालतो, पण बॅटरीला काही देत नाही. (मीटरचं टोक त्या सुईला लावू नका.)

लॅपटॉप सुरू करताना F2 दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये गेलो, तर AC Adapter पुढे Unknown. शेजारच्यांचा चार्जर लावला तर तिथेच 65 W आणि चार्जिंग सुरू. म्हणजे पोर्ट आणि बॅटरी दोन्ही सुटले. मग जुन्या चार्जरची वायर पिनच्या मागे, जिथे रोज दुमडायची तिथे, सरळ धरली. क्षणभर 65 W दिसलं आणि गेलं. आतली ओळखीची बारीक तार तुटली होती. पिनसकट वायर बदलून काम भागलं.

चांगला चार्जर लावूनही Unknown येत असेल तर संशय पोर्टवर. टॉर्च मारून आतली सुई वाकलीय का, काळं पडलंय का, पिन डुगडुगते का ते बघा. पिन खोचताच ठोकळ्यावरचा दिवाच विझला, तर वीज कुठेतरी शॉर्ट होतेय. पुन्हा पुन्हा लावून पाहू नका.

ओळख पटूनही चार्ज होत नसेल तेव्हाच बॅटरीकडे वळा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाका:

```
powercfg /batteryreport
```

फाइल कुठे ठेवली ते तिथेच लिहून येतं. त्यातला FULL CHARGE CAPACITY हा आकडा DESIGN CAPACITY च्या निम्म्याखाली गेला असेल तर बॅटरी थकली आहे. आकडा चांगला असेल तर मदरबोर्डवरचं चार्जिंग सर्किटही दोषी असू शकतं, तेव्हा दुकानात दुसरी बॅटरी लावून दाखवायला सांगा आणि मगच पैसे द्या. टचपॅड वर उचललेला दिसला तर मात्र यातलं काहीच करत बसू नका: बॅटरी फुगली आहे, चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि तसाच दुकानात न्या.