सबमिशनच्या आधी सीआरने करायचं पाच मिनिटांचं बोलणं

यंदा सीआर झाला असाल तर मिनी प्रोजेक्टच्या सबमिशनआधी वर्गासमोर उभं राहून सांगावं लागेल: एआय वापरलं असेल तर रिपोर्टमध्ये तसं लिहा. नवी मुंबईतल्या आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात थर्ड इयरला हे काम माझ्याकडे आलं होतं.

बोलायच्या आधी गाईडना गाठा. कशासाठी चालेल, कशासाठी नाही आणि लिहिलं तर मार्क कापणार का, एवढं विचारा. आमच्या मॅडम म्हणाल्या, कोड आणि भाषा सुधारायला चालेल, निष्कर्ष तुमचेच हवेत, मार्क कापणार नाही, पण वायवात त्याच भागावर प्रश्न येतील. हे त्यांनाच वर्गाच्या ग्रुपवर टाकायला सांगितलं. ‘मार्क जाणार नाहीत’ हे सीआरने स्वतःच्या जिवावर सांगू नये; उद्या गेले तर पोरं तुम्हालाच धरतील.

प्रामाणिकपणावर प्रवचन दिलं असतं तर मागच्या बाकांवर मोबाईल निघाले असते. म्हणून एका ग्रुपला विचारून त्यांचंच प्रोजेक्ट फळ्यावर मांडलं. वाशी स्टेशनबाहेर एनएमएमटीच्या बससाठी लोक किती वेळ थांबतात, याचा सर्व्हे. काहींच्या फॉर्ममध्ये बस मिळेपर्यंतच्या वेळेचा रकाना रिकामा होता. डेटा साफ करायला त्यांनी चॅटजीपीटीला सांगितलं, तर ही ओळ मिळाली:

```python
df["wait"] = df["wait"].fillna(df["wait"].mean())
```

म्हणजे रिकाम्या जागी सरासरी भरा. कोड बिनतक्रार चालतो, ग्राफही छान येतो. पण रकाने रिकामे का होते? ती माणसं कंटाळून रिक्षाने निघून गेली होती. फळ्यावर पाच प्रवासी घेतले. तिघांना 10, 15 आणि 20 मिनिटांनी बस मिळाली, दोघं 35 आणि 40 मिनिटं थांबून निघून गेले. त्या दोघांच्या जागी सरासरी भरली की उत्तर येतं 15 मिनिटं. ते प्रत्यक्षात थांबले तो वेळ धरला तर सरासरी निदान 24 होते. बसची खरी वाट तर त्याहून जास्तच. ज्यांचे सगळ्यात जास्त हाल झाले, तेच हिशोबातून गायब.

ग्रुपला हे कळलं ते रिपोर्टमध्ये काय लिहायचं यावर बसल्यावर. ‘एआयची मदत घेतली’ एवढंच लिहून ते मोकळे होणार होते. मी म्हटलं, कुठे घेतली, काय मिळालं, तुम्ही काय ठेवलं आणि ते कसं तपासलं, हे लिहा. ‘कसं तपासलं’पाशी गाडी अडली आणि मूळ फॉर्म परत काढावे लागले. शेवटी त्यांनी लिहिलं ते मराठीत असं:

‘डेटा साफ करण्याच्या कोडचा पहिला मसुदा चॅटजीपीटीकडून घेतला. रिकाम्या जागी सरासरी भरण्याची सूचना वगळली, कारण ते प्रवासी बस न मिळाल्याने निघून गेले होते. त्यांची नोंद वेगळी दाखवली आहे. मूळ फॉर्मशी आकडे ताडून पाहिले. प्रश्नावली आणि निष्कर्ष आमचे आहेत.’

एक्स्टर्नलनी नेमकं हेच विचारलं असतं, तर उत्तर तयार होतं. दुसऱ्या एका ग्रुपने काहीच लिहिलं नव्हतं. त्यांना ‘इथे मीन का घेतला?’ विचारल्यावर चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले.

मग नेहमीचा प्रश्न आला: ‘पकडणार कसे?’ खरं सांगून टाका. पकडणारी सॉफ्टवेअर भरवशाची नाहीत. ओपनएआयने स्वतःचं असं टूल 2023 मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांना दिसलं की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निबंधही अशी टूल्स बऱ्याचदा एआयचे ठरवतात. म्हणजे स्वतः लिहूनही आपल्यावर बालंट येऊ शकतं. अशा वेळी कामी येते ती गुगल डॉक्सची व्हर्जन हिस्टरी आणि जपून ठेवलेलं चॅट. दोन्ही सबमिशन होईपर्यंत उडवू नका.

ग्रामरलीने स्पेलिंग सुधारलं तर आमच्याकडे लिहावं लागलं नाही; अख्खा परिच्छेद नव्याने लिहून घेतला तर लिहावं लागलं. संदर्भ मागितले असतील तर प्रत्येक पेपर उघडून बघा. अस्तित्वातच नसलेला पेपर छापला, तर ‘एआयने दिला होता’ हे लिहून सुटका नाही.

आणि शेवटचं, ग्रुपचं. रिपोर्टवर नावं चौघांची असतात, टूल एकानेच वापरलेलं असतं आणि बाकीच्यांना पत्ता नसतो. म्हणून प्रिंटला देण्याआधी चौघांनी एकत्र बसून आपापल्या भागाची ओळ स्वतः लिहायची. बाइंडिंग झाल्यावर आठवलं तर पानं सुटी करायला झेरॉक्सवाला तयार होत नाही.