स्विस पद्धतीत फेऱ्या किती आणि जोड्या कशा: नव्या पंचांसाठी

कुडाळला शाळकरी मुलांची बुद्धिबळ स्पर्धा होती. 24 नावं आली आणि आयोजकांनी विचारलं, "पाच फेरयो कित्याक? चारच घेवया." वेंगुर्ल्या-मालवणच्या पालकांना संध्याकाळची एस.टी. गाठायची होती, त्यामुळे प्रश्न रास्तच होता. पण चार फेऱ्या 16 जणांना पुरतात. प्रत्येक फेरीत पैकीच्या पैकी गुण असलेले साधारण निम्मे होतात, म्हणून 32 पर्यंत पाच फेऱ्या लागतात.

आमच्याकडे झालं ते बघा. रेटिंगनुसार 1 ते 24 क्रमांक दिले. पहिल्या फेरीत वरचा अर्धा विरुद्ध खालचा अर्धा: 1-13, 2-14, अशा जोड्या. पुढे प्रत्येक गुणगटात, म्हणजे सारखे गुण असलेल्यांमध्ये, हेच करायचं. तीन फेऱ्यांत वरच्या क्रमांकाचेच जिंकत गेले, फक्त तिसऱ्या फेरीत 6 ने 3 ला हरवलं. तीन गुणांवर उरले 1, 2 आणि 6.

चौथ्या फेरीत 1-2 लावली. 6 एकटा पडला, तो खाली दोन गुणांच्या गटात उतरला. तिथला पहिला 3, पण त्या दोघांचा डाव नुकताच झालेला. एकाच स्पर्धेत तीच जोडी पुन्हा लावायची नाही, हा नियम मोडता येत नाही. म्हणून 6 ला 4 दिला. राहिले 3, 5, 7, 8 आणि 9, 10, 11, 12. सरळ लावलं तर 3-9 येते, तीही दुसऱ्या फेरीत होऊन गेलेली. मग खालच्या अर्ध्यातल्या 9 आणि 10 ची अदलाबदल केली: 3-10, 5-9, 7-11, 8-12. गट तोच राहिला, फक्त भिडू बदलले. (काळ्या-पांढऱ्याचा हिशोब इथे बाजूला ठेवलाय, तो धरला की कधी आणखी एखादी अदलाबदल करावी लागते.)

या फेरीत 1 आणि 6 जिंकले. चारवरच थांबलो असतो तर दोघंही चार गुणांवर, आणि आपसात खेळलेलेच नाहीत! विजेता बुखोल्झवर, म्हणजे त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांच्या बेरजेवर ठरला असता. हरलेल्या मुलाच्या वडिलांना ते समजावून बघा एकदा. पाचव्या फेरीत 1-6 आपोआपच लागली.

पाच फेऱ्यांनीही हमी मिळते ती इतकीच, की पैकीच्या पैकी गुणांचा एकाहून जास्त कोणी उरणार नाही. 1-6 बरोबरीत सुटला असता तर दोघंही साडेचारवर थांबले असते आणि बुखोल्झ लागलंच असतं. दुसऱ्या-तिसऱ्या नंबरासाठी तर ते बहुतेक वेळा लागतंच, तेव्हा टायब्रेकचा क्रम पहिल्या फेरीआधी फळ्यावर लिहून टाका.

उलट आठच मुलं असताना पाच-सहा फेऱ्या धरू नका. वरचे आपसात खेळून संपतात आणि मग पहिल्याला तळातला भिडू द्यावा लागतो. वेळ असेल तर आठांची सरळ साखळी लावा, सात फेऱ्यांत सगळे सगळ्यांशी खेळतात.