शंट बरोबर, तरी रीडिंग दीडपट! (माझा अनुभव)

सोलापूरच्या उन्हात दुपारचं प्रॅक्टिकल, लॅबमधला फॅन नुसता गरम हवा फेकतोय. गॅल्व्हानोमीटरचा रेझिस्टन्स 100 ओहम, 1 मिलिअँपिअरला काटा फुल, आणि बहुतेक करंट बाजूने नेणारा छोटा रेझिस्टन्स, म्हणजे शंट S, पॅरलल लावून त्याचा करायचा होता 1 अँपिअरचा अमीटर.

```
S = Ig·G/(I−Ig) = 0.001×100/0.999 ≈ 0.1 Ω
```

22 गेजची कॉन्स्टंटन वायर मीटरला साधारण 1.23 ओहम, म्हणजे 8.1 सेंमी बास. तेवढी कापली, मगरक्लिपच्या वायरींनी गॅल्व्हानोमीटरला पॅरलल लावली, आणि स्टँडर्ड अमीटर 0.4 दाखवतोय तर आमचा 0.6!

गणित तीनदा तपासलं, बरोबरच होतं. घोळ क्लिपांचा होता, त्या वायरी आणि ढिले जोड मिळून 0.05 ओहम शंटमध्येच वाढला, 0.1 चा 0.15 झाला की काट्याकडे दीडपट करंट जाणारच ना.

मग 10 सेंमी तुकडा कापला, टोकं पॉलिश पेपरने घासली आणि दोन स्क्रूंच्या मधे बरोबर 8.1 सेंमी राहील असा थेट गॅल्व्हानोमीटरच्याच टर्मिनलला कसला. रीडिंग 0.4. सप्लाय आधी बंद करा हं, चालू असताना शंट निसटला तर सगळा करंट कॉइलमधून जातो.

10 व्होल्टच्या व्होल्टमीटरला ही कटकट नाही, तिथं सिरीजमध्ये 9900 ओहम, त्यात 0.05 कोण विचारतंय.