यांकीत दोनच घोडे जिंकले तर हातात किती?

ब्रिटनमधल्या बुकीकडे एक पौंडाची यांकी लावली की खिशातून ११ पौंड जातात, कारण चार घोड्यांपैकी दोघे जिंकले तर लागणाऱ्या सहा डबल, तिघे जिंकले तर लागणाऱ्या चार ट्रेबल आणि चारही जिंकले तर लागणारी एक चौपट अशा प्रत्येकी एक पौंडाच्या ११ वेगळ्या बेट असतात. समजा ३.० आणि २.५ दराचे, म्हणजे एका पौंडाला एकूण ३ आणि २.५ पौंड परत देणारे, दोनच घोडे जिंकले. मग एकच डबल लागते: ३ × २.५ = ७.५० पौंड. म्हणजे दोन जिंकूनही साडेतीन पौंडांचा तोटा! हेच दोन घोडे तीन घोड्यांच्या ट्रिक्सीत असते तर तीन डबल आणि एक ट्रेबल अशा चार बेटचे चारच पौंड गेले असते आणि साडेतीन सुटले असते. म्हणून आधी दरांचा गुणाकार करून बघा. यांकीत तो ११ च्या वर हवा, ट्रिक्सीत ४ च्या. घोडा धावलाच नाही तर त्याचा दर १ धरतात.