भाजी कुठे स्वस्त पडते? घाऊक बाजार, आठवडी बाजार आणि ॲपचे भाव ताडून पाहण्याची रीत

मार्केट यार्डात टोमॅटो वीस रुपये किलो, हातगाडीवर पस्तीस, आठवडी बाजारात सकाळी तीस आणि दिवेलागणीला पंधरा, ॲपवर अर्ध्या किलोच्या पाकिटाला बावीस. एकाच दिवशी, एकाच शहरात असे भाव दिसले की मधलं कोणीतरी लुटतंय, असं सहज वाटतं. कधी कधी ते खरंही असतं. बहुतेक वेळा मात्र हे चार भाव चार निरनिराळ्या गोष्टींचे असतात, आणि ते ताडून पाहायची रीत अवघड नाही. खालच्या उदाहरणांतले आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्या गावचे त्या दिवशीचे आकडे घालून तोच हिशेब करायचा.

आधी घाऊक भाव किलोवर आणा

कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे भाव मिळतात. ते बहुतेक क्विंटलचे असतात आणि किमान, कमाल व सर्वसाधारण अशा तीन रकान्यांत येतात. त्याला शंभराने भागलं की किलोचा भाव निघतो. पुण्याच्या वर्तमानपत्रांत फळभाज्यांचा भाव दहा किलोचा छापतात आणि पालेभाज्यांचा शेकड्याचा, म्हणजे शंभर जुड्यांचा. ‘टोमॅटो 150 ते 250’ असं वाचलं तर तो किलोला 15 ते 25 रुपये झाला.

ही दरी प्रतीमुळे पडते. वरचा भाव कडक, एकसारख्या, लांब जाऊ शकणाऱ्या मालाला मिळतो. खालचा भाव मऊ पडलेल्या, डागी किंवा उशिरा उतरलेल्या मालाचा असतो. किमान भाव पाहून हातगाडीवाल्याशी वाद घालणं म्हणूनच अन्यायाचं आहे, कारण तो सहसा किमान भावाचा माल आणतच नाही.

मग त्या भावावर खर्च चढवा

समजा, किरकोळ विक्रेत्याने वीस किलोचा एक क्रेट वीस रुपये भावाने घेतला. माल झाला 400 रुपयांचा. त्यावर आडत म्हणजे अडत्याचं कमिशन, बाजार समितीचा सेस आणि हमाली येते. 2016 मध्ये राज्याने फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला आणि आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून कापायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. तेव्हापासून हा बोजा घेणाऱ्यावर आहे. हे सगळं मिळून चाळीस रुपये धरू आणि टेम्पोच्या भाड्यातला क्रेटचा वाटा आणखी चाळीस. क्रेट 480 रुपयांना पडला, म्हणजे किलोला 24.

आता क्रेट उघडला की तळाचे दोन किलो दबलेले निघतात. विकण्याजोगे राहिले अठरा किलो, आणि किलो जवळजवळ 27 रुपयांना पडला. त्यातला बारा किलो निवडक माल दुपारपर्यंत पस्तीसने गेला, त्याचे 420 आले. उरलेले सहा किलो संध्याकाळी वीसने काढावे लागले, त्याचे 120. एकूण 540. दिवसभर उन्हात उभं राहून एका क्रेटमागे साठ रुपये सुटले.

यातून हाताशी एक ठोकताळा येतो. टोमॅटोसारख्या नाजूक भाजीचा किरकोळ भाव घाऊकच्या पावणेदोनपट असेल तर तो रास्त समजावा. कांदा-बटाटा कमी खराब होतो, तिथे दीडपट पुरे. भाव तिप्पट दिसला, तर एक तर तुम्ही जुना घाऊक भाव पाहताय किंवा दुसऱ्या विक्रेत्याकडे जायला हवं.

जुना घाऊक भाव ही नेहमीची गफलत आहे. घाऊक भाव चढले की किरकोळ भाव दुसऱ्या दिवशीच चढतो, पण घाऊक पडले की किरकोळ उतरायला आठवडाही लागतो. विक्रेत्याकडे चढ्या भावाचा माल शिल्लक असतो आणि गिऱ्हाइकालाही चढा भाव सवयीचा झालेला असतो. 2023 च्या जुलैत टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली आणि सप्टेंबरात तोच टोमॅटो शेतकऱ्यांना कवडीमोल भावाने टाकावा लागला. अशा घसरणीच्या दिवसांत घाऊक भाव रोज पाहणाऱ्यालाच घासाघीस नेमकी करता येते.

घाऊक बाजारात जाणं कधी परवडतं

वरचाच क्रेट आता घरासाठी घेऊन पाहू. माल आणि आडत-हमालीचे 440, रिक्षाचे शंभर, एकूण 540. चांगले अठरा किलो निघाले, म्हणजे किलोला तीस. हातगाडीच्या पस्तीसपेक्षा पाच रुपये कमी. पण चौघांच्या घरात टोमॅटो सडायच्या आत आठ किलो संपला आणि बाकीचा फेकला, तर खाल्लेला टोमॅटो किलोला साडेसदुसष्ट रुपयांनी पडला. चार घरांनी क्रेट वाटून घेतला तर प्रत्येक घरामागे वीस-बावीस रुपये वाचतात. त्यासाठी पहाटे उठून जाणं मला तरी पटत नाही. रोजच्या नाशवंत भाजीसाठी घाऊक बाजार स्वस्त नाही, घरी कार्य असेल तेवढाच अपवाद.

कांद्याचा हिशेब उलटा निघतो. मार्च ते मे या काळात निघणारा उन्हाळी कांदा महिनोन्‌महिने टिकतो. पन्नास किलोची गोणी पंधरा रुपये भावाने घेतली तर माल 750, आडत-हमाली 75, रिक्षा 150, मिळून 975. दहा टक्के खराबा धरला तर पंचेचाळीस किलो कांदा किलोला 22 रुपयांच्या आत पडला. त्याच दिवशी कोपऱ्यावर तो 28 ला असेल तर पावणेतीनशे रुपये वाचले. शिवाय पावसाळ्याच्या अखेरीस साठवणीतला कांदा कमी होतो आणि नवा खरीप कांदा यायचा असतो, तेव्हा भाव बहुधा चढलेला असतो. ती बचत वेगळी.

मात्र गोणी फोडून पाहिल्याशिवाय घेऊ नका. मान बारीक मिटलेली हवी आणि पापुद्रा सुका, करकरीत हवा. डेंगळे, म्हणजे फुलाचा दांडा आलेले कांदे, आणि जोडकांदे जास्त दिसले तर ती गोणी टिकणार नाही. घरी आणल्यावर हवेशीर जागी पसरा, बटाट्यांजवळ ठेवू नका आणि दर आठवड्याला हात फिरवून मऊ पडलेला कांदा काढून टाका. एक नासका कांदा आजूबाजूचे दहा नासवतो. खरीप कांदा, म्हणजे ऑक्टोबरनंतर येणारा, टिकत नाही. त्याची गोणी भरू नका.

पुण्यात मार्केट यार्डाचा भाजीपाला विभाग शनिवारी बंद असतो आणि रविवारी आवक सर्वात जास्त असते. तुमच्या बाजार समितीचे असे दिवस आधी विचारून घ्या. यार्डाच्या आवारात बसून किलो-दोन किलो देणारे लोक गाळ्यावरून माल घेऊन विकत असतात. त्यांचा भाव किरकोळच असतो. तो घाऊक समजून घेतला तर रिक्षाचं भाडंही निघत नाही.

आठवडी बाजारात वेळ म्हणजेच भाव

इथे शेतकरी स्वतः बसला तर आडत नाही आणि मधला टेम्पो नाही. तरी तो सकाळी घाऊक भावाने विकत नाही. गावातला किरकोळ भाव पाहून त्याहून थोडं खाली सांगतो, आणि ते त्याच्या हक्काचंच आहे. भाव उतरतो तो शेवटच्या तासात. त्याच्याकडे शीतगृह नाही, उरलेला माल परत न्यायचा तर भाडं पडतं आणि उद्या दुसऱ्या गावचा बाजार असतो. म्हणून अंधार पडायच्या सुमारास वाटे मोठे होतात. त्या वेळी निवडायला फारसं उरत नाही, तेव्हा दोन-तीन दिवसांत संपेल एवढंच घ्या.

समोरचा शेतकरी आहे की व्यापारी, हे त्याच्या मालावरून कळतं. शेतकऱ्याकडे दोन-चार प्रकारची भाजी असते, लहान-मोठी, मातीसकट. पंधरा प्रकार मांडलेले असतील आणि त्यात आपल्या भागात न पिकणारंही काही असेल, तर तो माल पहाटे यार्डातूनच आलेला आहे. तिथे संध्याकाळीही भाव फार उतरत नाही, कारण टिकाऊ माल तो उद्या विकणार असतो.

आठवडी बाजार खरा स्वस्त पडतो तो पालेभाज्यांत. मेथी, शेपू, कोथिंबीर एका दिवसात कोमेजतात. घाऊक बाजारातली मोठी जुडी किरकोळीत सोडून तिच्या दोन बांधल्या जातात, त्यामुळे आठ रुपयांची जुडी पंधराला मिळाली असं दिसतं आणि प्रत्यक्षात तेवढ्याच पाल्याचे तीस मोजलेले असतात. शेतकऱ्याची जुडी सहसा मूळ आकाराची असते. हातात घेऊन वजनाचा अंदाज घ्या. पाऊस पडून गेला असेल तर भिजलेला पाला आणखी स्वस्त मिळेल, पण तो त्याच रात्री निवडून शिजवावा लागतो.

ॲपचा भाव बिलाच्या शेवटच्या ओळीत पाहा

ॲपवरची भाजी निवडलेली असते, म्हणून तिची तुलना ढिगातल्या भाजीशी सरळ करता येत नाही. तीनशे ग्रॅमची कोथिंबिरीची जुडी पंधराला घेतली आणि देठ-मुळांचे शंभर ग्रॅम गेले तर निवडलेली कोथिंबीर किलोला 75 पडली. ॲपवर शंभर ग्रॅम बाराला असेल तर ती 120. महाग आहेच, पण पाकिटावरचा आकडा पाहून वाटते तेवढी नाही. एका वेळेला चिमूटभरच लागणार असेल तर ते बारा रुपयेच कमी खर्चाचे.

मोठा फरक शुल्कांचा. ताज्या भाजीवर जीएसटी नाही, पण हाताळणी आणि घरपोच शुल्कावर तो लागतो. शंभर रुपयांच्या चार भाज्यांवर पस्तीस रुपये शुल्क आलं तर प्रत्येक भाजी एक तृतीयांशाहून जास्त महागली. म्हणून एकूण बिलाला भाजीच्या रकमेने भागा. उत्तर 1.1 च्या आत असेल तर ॲप विचारात घ्या. घरपोच शुल्क माफ व्हावं म्हणून टोपलीत टाकलेली, यादीत नसलेली वस्तू हाही खर्चच आहे, तो भाजीच्या नावावर धरा.

तरीही काही वेळा ॲप सर्वात स्वस्त ठरतं. कांदा, बटाटा, टोमॅटो, कोथिंबीर या चार गोष्टींचे भाव गिऱ्हाइकाला पाठ असतात. त्यामुळे ॲप या भाज्या खरेदीच्या भावात किंवा त्याहून कमी भावात ठेवून माणसाला आत ओढतं आणि कसर इतर वस्तूंवर काढतं. किराणा मागवायचाच असेल तेव्हा या चार जोडून घ्या आणि गवार, घेवडा, दोडका बाजारातून आणा. पितृपक्षात गवार, भेंडी, कारलं, लाल भोपळा आणि अळू यांना मागणी येऊन भाव सगळीकडेच चढतात. तेव्हा पाव किलोच हवी असेल तर शुल्कासह तिन्हीकडचा भाव पाहा. लाल भोपळा मात्र पंधरवड्याच्या आधीच्या आठवडी बाजारातून अख्खा आणून ठेवता येतो. न कापलेला भोपळा सहज टिकतो.