परदेशी क्लायंटचं बिल काढण्याआधी: जीएसटीची तयारी

खात्यात डॉलर आले म्हणजे निर्यात झाली आणि निर्यात झाली म्हणजे जीएसटीशी संबंध संपला, असं बरेच फ्रीलान्सर धरून चालतात. यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. निर्यातीवर कर शून्य असतो, पण तो आपोआप शून्य होत नाही. बिलाच्या आधी एक कागद लागतो आणि पैसे आल्यावर दुसरा. मधली सगळी तयारी या दोन कागदांभोवती फिरते.

सर्वात आधी आपलं काम कायद्याच्या भाषेत निर्यात ठरतं का ते तपासा. तुम्ही भारतात, काम घेणारा भारताबाहेर, सेवेचं ठिकाणही भारताबाहेर, पैसे परिवर्तनीय परकीय चलनात (रिझर्व्ह बँकेने परवानगी दिली असेल तिथे रुपयांतही), आणि तुम्ही दोघं एकाच व्यवसायाच्या दोन शाखा नाहीत, या पाचही अटी एकदम पूर्ण व्हाव्या लागतात. डिझाइन, कोडिंग, लेखन अशा कामांत सेवेचं ठिकाण सहसा क्लायंट जिथे आहे तेच धरलं जातं. अडचण दुसरीकडे येते. काम सांगणारा माणूस लंडनमध्ये बसलेला असतो, पण करार आणि बिल त्याच कंपनीच्या पुण्यातल्या उपकंपनीच्या नावावर असतं आणि पैसे रुपयांत येतात. ही निर्यात नव्हे, साधी देशांतर्गत विक्री आहे. त्यामुळे कामाला हात घालण्याआधी करारावर कोणत्या कंपनीचं नाव आणि कुठला पत्ता आहे ते नीट वाचून घ्या.

नोंदणीची मर्यादा सेवांसाठी बहुतेक राज्यांत वार्षिक 20 लाख रुपये उलाढालीची आहे. निर्यातीवर करच नाही, मग ती यात कशाला मोजायची, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण ती मोजली जाते. 20 लाखांच्या आत असाल तर केवळ परदेशी क्लायंट आहे म्हणून नोंदणी करावी लागत नाही. मर्यादा ओलांडली की 30 दिवसांत अर्ज करायचा.

नोंदणी हातात आली की पहिलं काम एलयूटीचं. आयजीएसटी, म्हणजे राज्याबाहेरच्या आणि देशाबाहेरच्या विक्रीवरचा जीएसटी, न भरता निर्यात करतो, अटी मोडल्या तर कर व्याजासह भरीन, असं हे हमीपत्र. पोर्टलवर ते `RFD-11` या फॉर्ममध्ये भरायचं असतं. दोन साक्षीदारांची नावं आणि पत्ते आधीच विचारून ठेवा, कारण लोक नेमके तिथेच अडकतात. पोचक्रमांक मिळाला की हमीपत्र स्वीकारलं गेलं असं धरलं जातं. ते एका आर्थिक वर्षापुरतंच चालतं, म्हणून दर मार्चमध्ये पुढच्या वर्षाचं भरून टाकावं. उशीर झाला तर कर न भरता निर्यात करण्याची सवलत सरसकट नाकारू नये, असं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या परिपत्रकात म्हटलेलं आहे. पण तो आधार अधिकाऱ्यासमोर मांडत बसण्यापेक्षा एप्रिलच्या पहिल्या बिलाआधी ते उरकणं कितीतरी सोपं.

बिलावर क्लायंटचं नाव, पत्ता आणि देश हवा, शिवाय ही ओळ हवी:

```
SUPPLY MEANT FOR EXPORT UNDER BOND OR LETTER OF UNDERTAKING
WITHOUT PAYMENT OF INTEGRATED TAX
```

रक्कम डॉलरमध्ये लिहिली तरी रिटर्नमध्ये ती रुपयांत जाते. त्यासाठी कोणता विनिमय दर वापरला हे बिलाच्या प्रतीवरच टिपून ठेवा. बँकेने नंतर प्रत्यक्ष दिलेला दर वेगळा असणारच, म्हणून बिलाची रक्कम बदलायला जाऊ नका.

आता पैशांचा कागद. तयारीत सर्वात जास्त दुर्लक्ष होतं ते इथेच. एखाद्या पेमेंट सेवेतून पैसे आले की बँकेच्या पासबुकात नुसती रुपयांची जमा दिसते. परकीय चलन आलं याचा त्यात मागमूस नसतो. त्यासाठी बँकेकडून किंवा पेमेंट सेवेकडून एफआयआरए, म्हणजे परकीय रक्कम आल्याची सूचना, दर महिन्याला उतरवून घ्या आणि तिच्यावरचा पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी आले ते सांगणारा कोड, आपल्या कामाशी जुळतो का ते बघा. मग प्रत्येक बिलासमोर तिचा क्रमांक लिहा. वर्षाअखेरीला जुळवायला बसलात तर एका रकमेत तीन बिलं आणि एका बिलाच्या दोन रकमा असा गुंता सोडवावा लागतो.

कामाच्या प्लॅटफॉर्मने कमिशन कापलं असेल तर एक वेगळीच गोष्ट उभी राहते. समजा बिल 3,000 डॉलरचं, दर 85 रुपये. प्लॅटफॉर्मने 60 डॉलर कापून 2,940 पाठवले. निर्यात तरीही 3,000 डॉलरचीच, म्हणजे 2,55,000 रुपयांची. कापलेले 60 डॉलर, म्हणजे 5,100 रुपये, ही तुम्ही परदेशातून घेतलेली सेवा झाली. प्लॅटफॉर्म परदेशी कंपनीचा असेल आणि तुमची नोंदणी असेल, तर त्यावर 18 टक्क्यांनी 918 रुपये रिव्हर्स चार्जखाली तुम्हीच भरायचे, तेही रोख. क्रेडिटमधून, म्हणजे खरेदी-खर्चावर आधी भरलेल्या जीएसटीच्या जमेतून, वळते करता येत नाहीत. भरल्यावर मात्र त्याचं क्रेडिट मिळतं. तेव्हा प्लॅटफॉर्मच्या कमिशनची बिलंही जपून ठेवा आणि त्यांच्याकडे आपला जीएसटी क्रमांक दिलेला आहे ना, ते पाहा.

रिटर्न भरताना निर्यातीची बिलं `GSTR-1` च्या `6A` तक्त्यात `WOPAY`, म्हणजे कर न भरता, हा पर्याय निवडून जातात. सेवांना शिपिंग बिल लागत नाही. `GSTR-3B` मध्ये हीच रक्कम `3.1(b)` मध्ये हवी. ती `3.1(c)` मध्ये, म्हणजे करमाफ विक्रीच्या ओळीत, टाकणारे पुष्कळ आहेत. करमाफ विक्रीपुरतं क्रेडिट सोडून द्यावं लागतं, शून्य दराच्या निर्यातीचं नाही. हे न वापरलेलं क्रेडिट परत मागता येतं, पण एक ओळ चुकली की त्या परताव्याचा पायाच डळमळतो.

परताव्याचा हिशेब एका उदाहरणाने पाहू. एका तिमाहीत निर्यातीचे 8,10,000 रुपये हातात आले आणि देशातलं काम 90,000 चं झालं. इंटरनेट, सॉफ्टवेअर वगैरेंवरचं क्रेडिट 12,000 रुपये. शिवाय 90,000 चा नवा लॅपटॉप घेतला, त्याचं 16,200 रुपये. परताव्याच्या सूत्रात क्रेडिटला उलाढालीतल्या निर्यातीच्या वाट्याने गुणतात; इथे तो वाटा 9,00,000 पैकी 8,10,000, म्हणजे 90 टक्के. पण हा वाटा लागू होतो तो फक्त 12,000 ला, म्हणून परतावा 10,800. लॅपटॉप ही भांडवली वस्तू, तिचं क्रेडिट या सूत्रात धरत नाहीत. ते वाया मात्र जात नाही: देशातल्या कामावरचा 18 टक्के कर नेमका 16,200 होतो आणि तो त्यातून फिटतो. ज्याचं सगळंच काम परदेशी आहे त्याच्याकडे हे क्रेडिट नुसतं पडून राहतं. महागडं यंत्र घेताना जीएसटी परत येईल असा हिशेब तेवढा करू नका.

सूत्रात बिलाची नव्हे, हातात आलेली रक्कम धरतात, म्हणून थकलेली बिलं वेगळी काढून ठेवा. पैसे बिलाच्या तारखेपासून वर्षभरात, किंवा परकीय चलन कायद्याने दिलेली मुदत त्याहून जास्त असेल तर त्या मुदतीत, आले नाहीत तर पुढच्या 15 दिवसांत कर व्याजासह भरावा लागतो. परताव्याचा `RFD-01` अर्ज दोन वर्षांच्या आत करायचा; काम आधी झालं असेल तर ही मुदत पैसे आल्याच्या दिवसापासून मोजतात. हजार रुपयांहून कमी परतावा दिला जात नाही आणि ही मर्यादा प्रत्येक करशीर्षाला, म्हणजे केंद्राचा, राज्याचा आणि आयजीएसटी अशा प्रत्येक कराला, वेगळी लागते, म्हणून खर्च किरकोळ असेल तर दोन-तीन तिमाह्या एकत्र करून अर्ज करा.